हात थरथरतो, पण कधी?

वैद्यकीय परीक्षेतला एक जुना प्रश्न आहे. रुग्णाचा उजवा हात थरथरतो. ताकद पूर्ण आहे, स्पर्श नीट कळतो, तळपायाला खरवडलं की अंगठा खालीच वळतो. बिघाड कुठे आहे, आणि कुठल्या बाजूला? प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागात ‘लहान मेंदू’ की ‘बेसल गँग्लिया’ हे ठरवायचं असतं, दुसऱ्या अर्ध्यात डावं-उजवं. पहिल्या भागाचे गुण बहुतेक विद्यार्थी मिळवतात. दुसऱ्यात निम्मे तरी अडखळतात, कारण बाजूचा नियम त्यांनी पाठ केलेला असतो, त्यामागची वाट समजून घेतलेली नसते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असा प्रश्न वॉर्डातल्या खाटेशी उभं राहून शिकायची सोय जुनी आहे. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. त्याच गावात १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि पुढे कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्यामुळे कोरेगावपासून जतपर्यंतचे लकव्याचे, फिटचे, ‘चक्कर येऊन पडले’ असे रुग्ण या पट्ट्यात उपचारासाठी येतात. एमआरआयची यंत्रं आता सांगली-मिरजेत आहेत, तरी त्याआधीची दहा मिनिटं टॉर्च, रिफ्लेक्स हॅमर आणि स्वतःची बोटं यांचीच असतात. परीक्षेतही तेवढंच हातात असतं.

दोन्ही भागांचं साम्य आधी पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. लहान मेंदू असो की बेसल गँग्लिया, यांतला कुठलाच भाग स्नायूला थेट हुकूम देत नाही. हुकूम मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून मज्जारज्जूकडे जातो. हे दोन भाग त्या हुकुमात दुरुस्ती करतात. म्हणून दोन्हीकडच्या बिघाडात ताकद शाबूत राहते, आणि तरी रुग्ण म्हणतो, ‘हातात जोरच नाही हो.’ विद्यार्थ्याने मूठ दाबून बघितली तर ती घट्ट असते. ताकद आहे आणि काम होत नाही, हा विरोध दिसला की या दोन भागांचा विचार करायचा. दुरुस्तीचं स्वरूप मात्र वेगळं आहे. लहान मेंदू चालू हालचालीचा वेग, पल्ला आणि थांबायची जागा सांभाळतो. बेसल गँग्लिया कुठली हालचाल सुरू होऊ द्यायची, कुठली अडवायची आणि तिला किती मोठी होऊ द्यायची, हे ठरवतात. पुढची सगळी चिन्हं या दोन वाक्यांतून काढता येतात, म्हणून तक्ता पाठ करण्याआधी ही दोन वाक्यं वहीत लिहावीत, असं माझं मत आहे.

आता थरथर. पार्किन्सनच्या आजारातला कंप हात मांडीवर सैल पडलेला असताना येतो, त्याची गती साधारण सेकंदाला चार ते सहा झोके. लहान मेंदूचा कंप हात लक्ष्याकडे जाताना येतो, त्याची गती सेकंदाला तीन ते पाच. म्हणजे आकडे एकमेकांवर चढतात आणि झोके मोजून काही ठरत नाही. ठरतं ते कंप कधी येतो यावरून. म्हणून रुग्ण बोलत असताना त्याचे हात मांडीवरच राहू द्यावेत आणि त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगावं. मन गुंतलं की दबलेला विश्रांतीचा कंप वर येतो. चालताना लटकलेल्या हातातही तो चांगला दिसतो. हात उचलून पेल्याकडे नेला की तोच कंप क्षणभर थांबतो. लहान मेंदूच्या रुग्णाचं नेमकं उलटं असतं. हात मांडीवर असताना सगळं शांत असतं, पेल्याजवळ पोचता पोचता हात आडवा हेलकावायला लागतो आणि चहा बशीत सांडतो.

नाक-बोट चाचणीत इथे एक चूक फार होते. परीक्षक आपलं बोट रुग्णाच्या चेहऱ्याजवळ धरतो. हात पूर्ण लांबवावाच लागला नाही तर सौम्य दोष दिसत नाही. बोट इतकं दूर धरावं की रुग्णाचा कोपर जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग लक्ष्याच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत काय होतं ते बघावं. हात पुढे निघून जातो का? हेलकावे हालचालीच्या दिशेला आडवे येतात का, आणि लक्ष्य जवळ येईल तसे वाढतात का? तिसरा एक कंप या दोघांमध्ये घुसतो. हात पुढे ताणून धरला की लगेच सुरू होणारा, बऱ्याचदा वडिलांना किंवा काकांनाही असलेला, म्हणजे एसेन्शियल ट्रेमर. चालण्यात, बोलण्यात, टोनमध्ये ठळक दोष नसेल आणि हात ताणल्यावरच थरथर येत असेल, तर पार्किन्सनचं लेबल लावायची घाई करू नये.

पार्किन्सन ओळखण्यासाठी कंपापेक्षा बोटांची टिचकी जास्त उपयोगी पडते. अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी लांब फाकवून पटापट टेकवायची, निदान दहा-पंधरा वेळा. बेसल गँग्लियाच्या दोषात पहिल्या दोन-चार टिचक्या बऱ्या असतात, मग पल्ला आखूड होत जातो, गती मंदावते, मध्येच बोटं अडकतात. लहान मेंदूच्या दोषात पल्ला क्रमाने घटत नाही. पहिल्या टिचकीपासूनच एक मोठी, एक छोटी, एक लवकर, एक उशिरा अशी ताल चुकलेली हालचाल दिसते. तळहात उलट-सुलट मांडीवर आपटायला लावला तरी तेच. विद्यार्थी दोन्हीला ‘हालचाल मंद’ असं लिहून मोकळे होतात आणि गुण तिथेच जातात. परीक्षकाला ऐकायचं असतं ते ‘पल्ला घटतो’ किंवा ‘ताल बिघडतो’. अक्षरातही हाच फरक उतरतो. पार्किन्सनमध्ये ओळ पुढे जाईल तसं अक्षर बारीक होतं, लहान मेंदूच्या दोषात ते मोठं आणि वेडंवाकडं होतं.

टोन तपासताना मनगट हळूहळू फिरवावं. पार्किन्सनमध्ये प्रतिकार सगळ्या दिशांना सारखा असतो, आणि त्यात कंप मिसळला की रसवंतीचा चरक हाताने सावकाश फिरवताना दात्यांची जी टकटक लागते, तशी जाणवते. सौम्य असेल तर दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगावी, लपलेला ताठरपणा वाढतो. ही युक्ती फ्रोमाँ यांच्या नावाने ओळखतात. लहान मेंदूच्या दोषात टोन सैल असतो, गुडघ्याचा झटका दिल्यावर लोंबता पाय लंबकासारखा झुलतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण हा सैलपणा ताज्या बिघाडात जास्त आणि जुन्यात फार थोडा सापडतो. तो नाही म्हणून लहान मेंदू वगळता येत नाही.

लहान मेंदूच्या चिन्हांचं आपलं ज्ञान पुष्कळसं पहिल्या महायुद्धातून आलं. गॉर्डन होम्स फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक तपासत होते. बिघाडाची जागा जखमेवरून माहीत, बाजू माहीत, आणि जखम झालेल्या बाजूचाच हात ढिला आणि चुकणारा. १९१७ मध्ये त्यांनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. बाजूचा नियम तिथून पक्का झाला.

हा नियम वाट काढून लक्षात ठेवावा. उजव्या लहान मेंदूचा निरोप मध्यमेंदूत ओलांडून डाव्या थॅलॅमसला आणि तिथून डाव्या मोठ्या मेंदूला जातो. डाव्या मोठ्या मेंदूचा हुकूम खाली येताना पुन्हा ओलांडतो आणि उजव्या हाताला पोचतो. दोनदा ओलांडलं, म्हणून जिथला बिघाड तिथलाच हात. बेसल गँग्लियाचा निरोप आपल्याच बाजूच्या थॅलॅमसमार्गे आपल्याच बाजूच्या मोठ्या मेंदूला जातो, मग खाली येताना एकदाच ओलांडतो. म्हणून उजवा हात भिरकावला जात असेल तर दोष डावीकडच्या सबथॅलॅमिक केंद्रकात शोधायचा. आता खोचक प्रश्न असा की लहान मेंदूची चिन्हं असूनही बिघाड उलट बाजूला कधी? निरोप मध्यमेंदूत ओलांडून गेल्यानंतर, रेड न्यूक्लियसच्या आसपास, तो तुटला तर. तिथला कंप विश्रांतीत असतो, हात ताणल्यावर असतो आणि लक्ष्याजवळ तर वाढतोच. त्यालाही होम्स यांचंच नाव दिलेलं आहे.

एवढ्या सामग्रीवर एक रुग्ण तपासू. तो कल्पित आहे, पण अशी माणसं या भागात वर्षभर येत असतात. कडेगाव तालुक्यातला ५८ वर्षांचा ऊस उत्पादक, रक्तदाब जुना, गोळ्या अधूनमधून, तंबाखू रोजची. पहाटे पाच वाजता मोटार चालू करायला उठला आणि भिंतीला धडकला. त्यानंतर सारख्या उलट्या. गावातल्या दवाखान्यात पित्त समजून सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. दुपारी मुलगा त्याला मिरजेला घेऊन आला.

खाटेवर झोपवून तपासणारा ज्युनियर डॉक्टर सांगतो की ताकद पाचपैकी पाच आहे, नाक-बोट ठीक आहे, सीटी स्कॅनमध्ये काही नाही, कानाची चक्कर असावी. वरिष्ठ डॉक्टर म्हणतात, ‘आबा, जरा उठून बसा बघू.’

‘बसवत न्हाई, सायेब. हात सोडला की उजवीकडं कलतोय.’

इथे निदान बदलतं. लहान मेंदूचा मधला पट्टा, व्हर्मिस, धडाचा तोल सांभाळतो. बिघाड तिथे असेल तर हातापायांच्या चाचण्या जवळजवळ स्वच्छ येतात आणि माणूस आधाराशिवाय बसू शकत नाही. झोपवून तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. कानाच्या आजारातही चक्कर भयंकर असते, पण असा रुग्ण बहुधा भिंत धरून का होईना, उभा राहतो. आबांचा हात पूर्ण लांबवून पुन्हा पाहिला तेव्हा उजवं बोट लक्ष्याच्या पलीकडे जाऊन हेलकावलं, डावं अचूक टेकलं. उजवीकडे पाहताना डोळ्यांना उजवीकडे मारणारे ठोके आले, डावीकडे पाहताना डावीकडे मारणारे हलके ठोके आले. नजरेबरोबर दिशा बदलणारे ठोके कानाच्या आजारात येत नाहीत. चेहऱ्यावर आणि उलट बाजूच्या अंगावर गरम-थंड नीट कळत होतं, उजवी पापणी उतरलेली नव्हती, म्हणजे शेजारचा मेंदूस्तंभ वाचलेला. उत्तर तयार झालं: उजव्या लहान मेंदूचा, मधल्या पट्ट्यासह झालेला, रक्तपुरवठा तुटल्याचा झटका. सीटीत तो दिसला नाही याचं आश्चर्य नको. कवटीच्या मागच्या खोबणीत हाडाच्या सावल्या पडतात आणि पहिल्या काही तासांत सीटी तिथे अनेकदा फसतो. एमआरआयने जागा दाखवली.

यापुढचा भाग परीक्षेत क्वचित विचारतात, वॉर्डात मात्र त्यावर जीव अवलंबून असतो. लहान मेंदू अरुंद जागेत बसलेला आहे. झटक्यानंतर त्याला सूज येते, ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि पुढ्यातल्या चौथ्या व्हेंट्रिकलवर ती दाबली गेली की मेंदूतलं पाणी तुंबतं. म्हणून आबांना पहिले चार दिवस वारंवार हाक मारून पाहावं लागतं. हाताचा दोष तेवढाच आहे, पण माणूस झोपाळू झाला, डोकेदुखी वाढली, एक डोळा बाहेरच्या बाजूला वळेना झाला, तर न्यूरोसर्जनला तेव्हाच बोलवायचं. मागच्या बाजूचं हाड काढून जागा करून देणं हा उपाय आहे, आणि वेळेत केला तर अशी माणसं पुन्हा चालतात. आबांवर ती वेळ आली नाही. दहा दिवसांनी पाय फाकवून, मुलाचा खांदा धरून ते घरी गेले.

सात महिन्यांनी ते परत येतात. मुलाची तक्रार अशी की चाल सुधारत होती, आता पुन्हा बिघडली. आबांचा चेहरा निर्विकार झालाय, आवाज बसलाय, शर्टाची बटणं लावायला पाव तास जातो. नवा झटका आला असावा, असं सगळ्यांनाच वाटतं.

चिन्हं मात्र दोन थरांत वेगळी करता येतात. एका रेषेवर टाचेला बोट लावून चालायला सांगितलं तर ते उजवीकडे ढळतात आणि उजवं बोट अजून थोडं चुकतं. हा जुना थर आहे. लहान मेंदूच्या रुग्णाचं हे रेषेवरचं चालणं सर्वांत उशिरा सुधारतं, तर पार्किन्सनच्या सुरुवातीला ते बहुधा ठीक असतं. डोळे मिटून उभं केल्यावर आबा तोल गमावतात, पण उघड्या डोळ्यांनीही डुलतच होते, म्हणून याला रोम्बर्ग पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. उघड्या डोळ्यांनी स्थिर आणि मिटल्यावर पडणारा रुग्ण तो. नवा थर पायांत दिसतो. पाय फाकलेले होते ते आता जवळ आलेत, पावलं आखूड झालीत, वळताना सात-आठ पावलं लागतात, दोन्ही हात झुलत नाहीत. बोटांच्या टिचक्या दोन्हीकडे आखूड होत जातात. दोन्ही मनगटं ताठर आहेत.

दोन्ही बाजूंना सारखंच, आणि काही महिन्यांत. हे ऐकून थबकायला हवं. खरा पार्किन्सन जवळजवळ नेहमी एका बाजूला सुरू होतो आणि बराच काळ ती बाजू पुढे राहते. दोन्ही बाजू एकदम बसल्या तर गोळ्यांची पिशवी मागवावी. आबांच्या पिशवीत चक्करची सिनॅरिझिनची गोळी निघते, ती घरी गेल्यापासून दिवसातून तीनदा चालू आहे. शिवाय पित्ताची एक कॅप्सूल आहे, तिच्यावर पॅन्टोप्राझोलच्या शेजारी लेव्होसल्पिराइड लिहिलेलं. दोन्ही औषधं बेसल गँग्लियातली डोपामिनची दारं अडवतात. लहान मेंदूच्या झटक्याची चक्कर थांबावी म्हणून सुरू केलेल्या गोळ्यांनी दुसऱ्या भागाचा आजार उभा केला. बेसल गँग्लियात कुठलीही जखम नाही, एमआरआयला दाखवण्यासारखं काही नाही, आणि चिन्हं मात्र पुस्तकातली. दोन्ही गोळ्या बंद केल्यावर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत माणूस मोकळा होतो. काहींचा ताठरपणा उरतोच, आणि एका बाजूला जास्त उरला तर आत दडलेला पार्किन्सन औषधाने लवकर उघडा पाडला, असं समजतात. ‘चक्करची गोळी’ कायमची लिहून देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. रुग्ण ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वर्षभर घेत राहतो.

याच औषधांची दुसरी बाजू तरुणांत दिसते. कॉलेजातली मुलगी, उलट्या झाल्या म्हणून मेटोक्लोप्रॅमाइडचं इंजेक्शन घेतलं, संध्याकाळी मान मागे वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर. घरचे घाबरून देवऋष्याकडे निघतात, दवाखान्यात कोणी धनुर्वात म्हणतं. शुद्ध पूर्ण आहे आणि सकाळी उलटीचं इंजेक्शन झालं आहे, एवढं कळलं की पुरतं. प्रोमेथॅझिनचं इंजेक्शन दिल्यावर बहुधा अर्ध्या तासात मान सुटते. बेसल गँग्लिया म्हणजे फक्त मंद हालचाल, हा समज या मुलीने मोडावा. अडवायचं ते अडवलं गेलं नाही की हालचाली जास्त होतात. साठी उलटलेल्या मधुमेही बाईचा एक हात आणि पाय दिवसभर वेडेवाकडे नाचतात, झोप लागली की थांबतात, आणि रक्तातली साखर पाचशेच्या घरात निघते, तेव्हाही दोष उलट बाजूच्या प्युटामेनमध्येच असतो. साखर आटोक्यात आणली की नाच हळूहळू ओसरतो.

दोन्ही भाग एकाच आजाराने एकत्र धरले, तर? याचं उत्तर मुंबईत सापडलं. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी उभी करणाऱ्या डॉ. नोशिर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पिढ्यांतून उतरणारा, लहान मेंदू झिजवणारा आजार, आणि त्यासोबत डोळ्यांची विलक्षण संथ हालचाल. निरोगी माणसाचे डोळे एका वस्तूवरून दुसरीवर उडी मारतात, ती उडी आपल्याला टिपताही येत नाही. या रुग्णांचे डोळे वाट काढत सरकत जातात, आणि खाटेशी उभा राहणारा ती वाट डोळ्यांनी पाहू शकतो. आज या आजाराला एससीए-२ म्हणतात. १९९६ मध्ये त्याचं जनुक सापडलं. भारतातल्या पिढीजात अॅटॅक्सियांमध्ये तो नेहमी भेटणाऱ्यांपैकी आहे. त्याच जनुकाचा दोष काही कुटुंबांत पार्किन्सनसारखा, लेव्होडोपाला दाद देणारा ताठरपणा घेऊन येतो.

म्हणून दोन्ही बाजूंना सारखी लहान मेंदूची चिन्हं असलेला तरुण समोर आला, त्याचं दारूचं प्रमाण आणि फेनिटॉइनसारख्या गोळ्या तपासून झाल्या, की दोन बोटं हातभर अंतरावर धरावीत. मान स्थिर ठेवून त्याला एकदा डाव्या, एकदा उजव्या बोटाकडे झटकन बघायला सांगावं, चार-पाच वेळा. डोळे सरकताना दिसले तर पुढचा प्रश्न आईवडिलांच्या चालण्याबद्दल विचारावा, आणि शक्य असेल तर भावंडांपैकी एखाद्याला तिथेच रेषेवर चालवून बघावं.